दहाव्या वर्धापनदिनी जुन्या माणसांसाठी चार मिनिटांचा टोस्ट: तयारी, मजकूर आणि कुठे फसतं

शाल, श्रीफळ, फेटा हा सत्कार आपल्याकडे कुणालाही झोपेत जमतो. टोस्टचं, म्हणजे कुणासाठी तरी थोडक्यात बोलून ग्लास उंचावण्याचं, तसं नाही. सोलापुरात एमआयडीसीतल्या दुसऱ्या पिढीच्या मालकांनी तो पुण्या-मुंबईच्या कार्यक्रमांत पाहिलेला असतो आणि आपल्याही दहाव्या वर्षाला तो हवा असतो. मग स्टेजवर होतं ते नेहमीचंच भाषण: वीस मिनिटं, त्यात कंपनीची वाटचाल, बँकेचे आभार आणि शेवटी ‘जुन्या सहकाऱ्यांचं योगदान विसरता येणार नाही’ हे एक वाक्य. ज्यांच्यासाठी सगळं चाललंय ते समोर बसून घड्याळ बघत असतात.

टोस्टला तीनच गोष्टी लागतात. बोलणारा एक, बोलणं चार मिनिटांच्या आत, आणि शेवटच्या वाक्याला सगळ्यांचे ग्लास एकाच वेळी वर. सत्कार त्याच्या आधी किंवा नंतर वेगळा ठेवावा. दोन्ही एकत्र केले की प्रत्येक नावाला कुणीतरी शाल घेऊन धावतो, फोटोग्राफर मध्ये येतो आणि बोलण्याचा धागा तुटतो.

इथे उदाहरणासाठी अक्कलकोट रोडवरचा शालेय गणवेशाचा एक कल्पित कारखाना घेऊ. 2015 च्या दसऱ्याला मुहूर्त, तेव्हा शिलाईच्या तीन मशीन, आज दीडशेच्या आसपास माणसं. कार्यक्रमाला 120 जण. सुरुवातीच्या काळातली चार माणसं: कटिंग मास्तर, हिशेब पाहणाऱ्या ताई, हेल्पर म्हणून आलेली आणि आता लाइन सांभाळणारी अक्का, आणि टेम्पोवाले मामा. मामांनी 2019 मध्ये काम सोडलं.

‘जुने’ कोण, हे आधी कागदावर ठरवा

पहिलं भांडण इथेच होतं. कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही, हे मालकाच्या आठवणीवर सोडलं की एक तरी नाव राहतं, आणि ते नेमकं गप्प बसणाऱ्या माणसाचं असतं. म्हणून घटनेची रेषा आखा, म्हणजे ‘पहिली मोठी ऑर्डर हाती यायच्या आधी आलेले सगळे’ असं काहीतरी. ‘पहिली पाच वर्षं’ अशी गोल रेषा नको. कंपनी टिकणार की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, तोपर्यंत आलेल्यांनी जोखीम घेतली. त्यानंतरचे चांगले कर्मचारी असतील, पण त्यांच्यासाठी हा टोस्ट नाही.

तारखा तपासताना पीएफच्या नोंदीवर विसंबू नका. पीएफ साधारण वीस माणसं झाल्यावर लागू होतो, त्यामुळे छोट्या कारखान्यात पहिल्या दहा-पंधरा जणांची पीएफची तारीख सारखीच आणि खऱ्या रुजू तारखेपेक्षा वर्ष-दोन वर्षं उशिराची निघते. त्या यादीवरून ‘सर्वांत जुने’ ठरवलं तर शेडमध्ये पहिल्या दिवशी झाडू मारणारी अक्का मागे पडते आणि कागदपत्रं लवकर दिलेला पुढे येतो. जुनं हजेरीपत्रक, रोखीच्या पगाराची वही आणि त्या काळातली दोन माणसं, या तिन्हींचा मेळ घाला.

सोडून गेलेल्यांना वगळू नका. मामा आज दुसऱ्याचा माल वाहत असतील, तरी 2015 मध्ये त्यांनी आपला टेम्पो उधारीवर लावला ही गोष्ट बदलत नाही. त्यांना मालकाने स्वतः फोन करून बोलवावं, व्हॉट्सॲपवर पत्रिका टाकून नव्हे. कुणी हयात नसेल तर घरच्यांना पुढच्या रांगेत बसवा. त्या माणसाचं नाव बोलण्याच्या सुरुवातीलाच घ्या, दोन वाक्यांत, संथपणे, आणि मग पुढे चला. शेवटच्या, ग्लास उंचावण्याच्या वाक्यात ते नाव आणलं तर टाळ्या वाजवायच्या की मान खाली घालायची, हे लोकांना कळत नाही.

निष्ठेचं कौतुक नको, निर्णयाचं करा

‘दहा वर्षं निष्ठेने साथ दिली’ हे वाक्य कुठल्याही कंपनीत, कुठल्याही माणसाबद्दल चालतं, म्हणून ते ऐकू येत नाही. जोखीम म्हणजे एका ठरावीक दिवशी घेतलेला निर्णय. त्यात हातातलं काय सोडलं, काय बुडू शकलं असतं आणि कुणी विरोध केला, या तीन गोष्टी असतात. प्रत्येकासाठी त्या मिळवायच्या, आणि त्या मालकाच्या डोक्यात नसतात, विचाराव्या लागतात.

कार्यक्रमाच्या तीन आठवडे आधी प्रत्येकाशी अर्धा तास बसा. मालकाने स्वतः विचारलं तर लोक संकोचतात, ‘काही नाही साहेब, आपलं चालायचंच’ म्हणतात. एचआरमधल्या किंवा लाइनवरच्या एखाद्या विश्वासातल्या माणसाने विचारावं. प्रश्न चारच: इथे यायच्या आधी कुठे होतात आणि तिथलं काय सोडलंत? घरचे काय म्हणाले? सोडून जावं असं कधी वाटलं आणि का नाही गेलात? आणि यातलं स्टेजवर काय सांगायचं नाही?

चौथा प्रश्न विसरला की पंचाईत होते. पहिल्या वर्षी कुणी बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवलं होतं, कुणाचं पतसंस्थेचं कर्ज थकलं होतं, कुणी सासऱ्याशी बोलणं सोडलं होतं. मालकाला ही गोष्ट हेलावून टाकणारी वाटते, पण त्या माणसाचे व्याही समोर बसलेले असतात. म्हणून त्याच्याबद्दलची तीन-चार वाक्यं आठवडाभर आधी त्याला वाचून दाखवा. ‘हे चालेल ना?’ असं विचारलं तर उत्तर नेहमी ‘चालेल’ येतं. ‘यातलं कोणतं काढू?’ असं विचारा, मग खरं उत्तर मिळतं.

आणखी एक गोष्ट तपासायचीच. त्या काळातला पगार, ओव्हरटाइम, बोनस यांतलं काही आजही देणं राहिलं असेल तर ते टोस्टच्या आधी चुकतं करा. ‘पगार उशिरा झाला तरी तुम्ही थांबलात’ हे वाक्य, पैसे मिळाले असतील तरच कौतुक ठरतं. नाहीतर ती 120 साक्षीदारांसमोरची कबुली होते.

मजकूर किती आणि कसा

माइकवर, टाळ्यांना जागा ठेवून, मिनिटाला साधारण 100 शब्द होतात. चार मिनिटं म्हणजे 350 ते 400 शब्द. चार माणसांना प्रत्येकी साठ-सत्तर शब्द मिळतात, म्हणजे एकाची एकच गोष्ट. माणसं सहाच्या वर गेली तर माणसांऐवजी प्रसंग घ्या, ‘नोटबंदीच्या महिन्यात थांबलेले’ असा गट करा आणि नावं एका दमात वाचा.

प्रत्येकाच्या तुकड्यात काम आधी, नाव शेवटी. नाव आधी घेतलं की टाळ्या पडतात आणि पुढचं कुणी ऐकत नाही. काम आधी सांगितलं की लोक मनात ओळखायला लागतात, माना वळतात, आणि टाळी नावावर पडते.

आता वरच्या कारखान्याचा पूर्ण मजकूर. नावांच्या जागी इथे कंस आहेत; स्टेजवर तिथे नाव आणि घरनाव दोन्ही घ्यायचं.

«मंडळी, ग्लास हातात असू द्या. प्यायचं मात्र मी सांगेन तेव्हा.

2015 च्या दसऱ्याला आपल्याकडे तीन मशीन होत्या आणि ऑर्डर एकही नव्हती. त्या शेडमध्ये काम करायला येणं हा शहाणपणा नव्हता. तरी चार माणसं आली.

पहिले आले ते अकरा वर्षांची कायम नोकरी सोडून. पहिली ऑर्डर 2,400 शर्टांची, चौकडीचं कापड, तेही उधारीवर आणलेलं. टेबलावर पन्नास थर लागले होते. एक रेघ सरकली असती तर पन्नास शर्टांच्या खिशावरची चौकट चुकली असती आणि कापडवाल्याला द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. त्यांनी मशीन सुरू करण्याआधी मला टेबलापासून लांब उभं केलं. म्हणाले, तुम्ही बघत राहिलात तर माझा हात हलेल. त्या ऑर्डरचा एकही शर्ट परत आला नाही. आपले मास्तर, (नाव).

नोव्हेंबर 2016. चालू खात्यातून आठवड्याला पन्नास हजारच निघत होते आणि पगार त्याहून जास्त होता. कुणाला आधी द्यायचा आणि कुणाला थांबवायचं, ही यादी एका ताईंनी केली. त्या यादीत स्वतःचं नाव त्यांनी सगळ्यात खाली लिहिलं. मला ते तीन आठवड्यांनी कळलं. त्याच महिन्यात त्यांना पतसंस्थेतली नोकरी चालून आली होती. (नाव) ताई.

मार्च 2020. गणवेशाचा हंगाम ऐन भरात, कापड कापून तयार, आणि शाळाच बंद. मास्क शिवायचे ठरले, पण कारखाना उघडता येईना. तेव्हा एक जण म्हणाली, मशीन घरोघरी नेऊ, जबाबदारी माझी. सहा मशीन सहा घरांत गेल्या. एखादी हरवली असती तर ती भरून देण्याइतका तिचा पगार नव्हता. सहाच्या सहा परत आल्या. (नाव) अक्का.

आणि ज्या टेम्पोतून पहिला माल गेला, त्याचा हप्ता मामा स्वतः भरत होते आणि भाडं आम्ही दोन-दोन महिने थकवत होतो. ते आज आपल्याकडे नाहीत, पण आज इथे आहेत. (नाव) मामा.

कंपनी बुडाली असती तर मी पुन्हा उभा राहिलो असतो. माझ्या मागे वडिलांचं घर होतं. या चौघांच्या मागे तेवढं काही नव्हतं. जोखीम त्यांची मोठी होती आणि फायदा माझा मोठा झाला. हे मला माहीत आहे, आणि ते मी तुम्हा सगळ्यांसमोर बोलतो आहे.

चौघांनी बसूनच राहावं. बाकी सगळ्यांनी उभं राहा. ग्लास वर. मास्तर, ताई, अक्का आणि मामा यांच्यासाठी!»

शेवटाकडचा तो ‘जोखीम त्यांची मोठी’ परिच्छेद बहुतेक मालक पहिल्या वाचनात खोडतात. तो ठेवावा. समोरच्या प्रत्येकाच्या मनात हिशेब चालू असतो की धोका यांनी घेतला आणि नवी गाडी कुणाच्या दारात आली. तो हिशेब आपण बोललो नाही तर जेवणाच्या रांगेत दुसरं कुणीतरी बोलतं. मात्र तो परिच्छेद खरा असेल तेवढाच लिहा. मालकाने घर गहाण ठेवलं असेल तर ‘माझ्या मागे घर होतं’ म्हणू नये.

याच ओघात स्टेजवर पैशाचं वचन देण्याचा मोह होतो: ‘या चौघांना कंपनी अमुक देईल.’ ते टाळा. आकडा घोषित झाला की आधीचं काहीच लक्षात राहत नाही, आणि पाचव्या-सहाव्या नंबरवर आलेली माणसं त्या रात्री झोपत नाहीत. काही द्यायचं असेल तर आधी द्या, बंद खोलीत, लेखी. टोस्टमध्ये त्याचा उल्लेख नको.

‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हेही वाक्य काढा. ज्यांनी मंदीत कपात पाहिली आहे त्यांना ते टोचतं. ‘तेव्हाची माणसं आता कुठे राहिलीत’ हे तर नव्या शंभर जणांच्या तोंडावर मारल्यासारखं होतं, आणि त्यांनीच उभं राहून ग्लास उंचवायचे असतात.

नावं आणि भाषा

सोलापुरात एकाच लाइनवर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलली जाते. मालक दहा वर्षं ‘मास्तर’ म्हणत आलेला असतो, आणि त्यांचं तेलुगू घरनाव स्टेजवर पहिल्यांदाच उच्चारताना अडखळतो. तेवढ्या एका अडखळण्याने ‘मी तुम्हाला ओळखतो’ हा सगळा दावा पडतो. त्या माणसाकडूनच नाव फोनवर रेकॉर्ड करून घ्या आणि दहा वेळा म्हणा. कागदावर ते जोडाक्षरं फोडून, जसं उच्चारतात तसं लिहा.

पूर्ण टोस्ट दोन भाषांत म्हणू नका; चारची आठ मिनिटं होतात आणि प्रत्येक विनोदाला दोनदा शांतता मिळते. मास्तरांच्या आई पुढे बसल्या असतील आणि त्यांना मराठी कमी कळत असेल, तर नावानंतर त्यांच्याकडे बघून तेलुगूत एक वाक्य बोलावं. ते वाक्य मास्तरांच्या घरच्या कुणाकडून तरी घ्यावं, मोबाइलवरच्या भाषांतरातून नको.

दिवस, ग्लास आणि माइक

तारखेचा घोळ आधी सोडवा. मुहूर्त दसऱ्याचा असेल तर तिथी तीच राहते, तारीख मात्र दरवर्षी बदलते. 22 ऑक्टोबर 2015 ला दसरा होता. 2025 मध्ये तीच तारीख पाडव्याला आली. पाडव्याला माणसं गावी. खंडेनवमीला मशीनच्या पूजेसाठी सगळे कारखान्यात असतातच, म्हणून तो दिवस बरा. जानेवारीत ढकलायचं म्हणाल तर सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत निम्मे लोक संध्याकाळी मिळणार नाहीत.

खंडेनवमीला अनेकांचा नवरात्राचा उपास असतो. म्हणून ग्लासात काय, हे जपून ठरवा. साखर आणि सैंधव घातलेलं लिंबू सरबत सगळ्यांना चालतं. मठ्ठ्यात हिंग-कोथिंबीर पडते आणि उपासवाले ग्लास नुसता धरून उभे राहतात. चहा नकोच, गरम कप कुणी उंचावत नाही. दारूचा प्रश्न कारखान्याच्या आवारात, घरच्या मंडळींसमोर आणि माळकऱ्यांच्या शेजारी येतच नाही. ग्लास अर्धाच भरायचा, 100 मिली. 120 जणांना 12 लिटर, सांडलवंडीला धरून 14 लिटर. पातळ कागदी कप नकोत, उंचावताना चेपतात. केटररकडचे साधे स्टीलचे ग्लास उत्तम.

सगळ्यात जास्त टोस्ट इथे बिघडतात: बोलणं संपतं, ‘ग्लास वर’ म्हटलं जातं आणि मागच्या चार रांगांत ग्लासच पोचलेले नसतात. चार वाढप्यांना 120 ग्लास द्यायला सात-आठ मिनिटं लागतात. तेव्हा आधीचा कार्यक्रम चालू असतानाच वाटप सुरू करा, आणि मागच्या रांगेतल्या एका माणसाने हात वर केल्याशिवाय बोलायला उभं राहू नका. वाटल्यावर लगेच पिऊन टाकणारे असतातच. टोस्टचं ‘प्यायचं मात्र मी सांगेन तेव्हा’ त्यांच्यासाठीच आहे.

ज्यांच्यासाठी टोस्ट आहे त्यांनी उठायचं नाही आणि त्या क्षणी प्यायचंही नाही, अशी रीत आहे. हे आदल्या दिवशी सांगून ठेवा. नाहीतर सगळे उठले की मास्तरही हात जोडून उठतात, आणि मग नेमके कुणासाठी उठलो हे दिसत नाही. चौघांच्या खुर्च्या पहिल्या रांगेत मधोमध, सभागृहाकडे थोड्या वळवलेल्या असाव्यात. त्यांच्या मागे ओळखीचा एक माणूस बसवा, जो खांद्यावर हात ठेवून बसतं ठेवेल.

शेडमध्ये कार्यक्रम असेल तर पत्र्यामुळे आवाज घुमतो. स्पीकर दोन ठेवा आणि सावकाश बोला. मोठ्याने बोललं तर अजून घुमतं. जनरेटर शेडच्या भिंतीला लागून असेल तर लाइट गेल्यावर काय ऐकू येतं, ते आदल्या संध्याकाळी बघा. कागदावर अक्षर मोठं, 18 पॉइंटचं, एका ओळीत एकच श्वासाचं वाक्य. मोबाइलवरून वाचू नका, स्क्रीन मध्येच बंद होते आणि वर कुणाचातरी फोन येतो.

ग्लास खाली आले की कुणीतरी म्हणतं, ‘आता मास्तरांनी दोन शब्द बोलावेत.’ ज्याला बोलायचं आहे त्याला आधी विचारून ठेवा, एकालाच, आणि दोन मिनिटं द्या. चौघांपैकी बहुधा अक्का बोलतील. मास्तर नाही म्हणतील आणि त्यांना आग्रह करू नये. नंतर माइक सूत्रसंचालकाकडे परत घ्या आणि जेवणाची घोषणा करा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली असेल तर चौघांची पानं आधी वाढा. त्यांना स्टेजवर फोटोसाठी उभं ठेवलं तर ते जेवायला शेवटी पोचतात, आणि आतापर्यंत जे म्हटलं त्याच्या नेमकं उलट चित्र सगळ्यांना दिसतं.